मदतीचा अर्ज: घरातली तंगी कागदावर कशी मांडावी?

शाळा-कॉलेजची दुसऱ्या सत्राची फी भरायची वेळ आली की मोहल्ल्यात अर्ज लिहून मागणाऱ्यांची गर्दी वाढते. कुणाला ट्रस्टकडे द्यायचा असतो, कुणाला जकात कमिटीकडे, कुणाला थेट प्राचार्यांकडे. शिक्षक म्हणून असे पुष्कळ अर्ज माझ्या हातून गेले आहेत. त्यातले बहुतेक एकाच साच्यातले असतात. ‘मी अत्यंत गरीब परिस्थितीतील असून माझी आर्थिक स्थिती फार हलाखीची आहे, तरी कृपा करून दया दाखवावी ही नम्र विनंती.’

या वाक्यात खोटं काही नाही, पण त्यातून काही कळतही नाही. कमिटीच्या टेबलावर असे चाळीस अर्ज असतील तर चाळीसही जण ‘अत्यंत गरीब’ असतात. मग निवड ओळखीवर होते, नाहीतर कोण जास्त रडला यावर. दोन्हीत माणसाची इज्जत जाते. यातून सुटायचं असेल तर दयेची भाषा बाजूला ठेवून हिशोबाची भाषा वापरावी लागते.

दाखला असताना अर्ज कशाला?

लोक विचारतात, ‘तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडलाय, आता आणखी काय लिहायचं?’ इथेच एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. मागच्या वर्षी काम नीट चालू होतं आणि या वर्षी बसलं, तर दाखल्यावर जुनाच आकडा दिसतो. हा बदल दाखवायला अर्जाशिवाय दुसरी जागा नाही.

सरकारी शिष्यवृत्तीची गोष्ट वेगळी आहे. तिथे नियम आणि मर्यादा ठरलेल्या असतात, तुम्ही पत्र कितीही चांगलं लिहिलं तरी फरक पडत नाही. पण ट्रस्ट, कमिटी आणि कॉलेज इथे माणूस बसलेला असतो, तो वाचतो आणि ठरवतो. हा लेख त्या अर्जाबद्दल आहे.

एक उदाहरण घेऊ

समजा, मालेगावातलं एक घर आहे. अब्बा यंत्रमागावर, म्हणजे आपल्या बोलीत सांचे चालवायला जातात. पगार महिन्याचा नाही, आठवड्याचा; जेवढं कापड निघेल त्यावर. जुम्म्याला सांचे बंद. काम पूर्ण असताना सहा दिवसांचे साधारण 3,300 रुपये हाती येत. अम्मी घरी साड्यांना फॉल-पिको करतात. दादी, एक मुलगी, एक मुलगा, असे पाच जण. मुलगी अकरावी सायन्सला, विनाअनुदानित तुकडीत. वर्षाची फी 9,000. जूनमध्ये 3,000 भरले, 6,000 बाकी.

दिवाळीनंतर कापडाला उठाव नाही. सूत महाग, तयार माल गोदामात पडून. अशा वेळी मालक कारखाना पूर्ण बंद करत नाही, पाळ्या कमी करतो. कामगाराची नोकरी ‘गेली’ असं कुणी म्हणत नाही, पण आठवड्याला दोन, तीन, फार तर चार दिवस काम मिळतं. ही अर्धी बेकारी कुठल्याही कागदावर दिसत नाही. दाखल्यावर वर्षाचे 1,70,000 लिहिलेले, म्हणजे वाचणारा महिन्याला चौदा हजार धरून चालतो.

आधी चार आठवडे मांडा

अर्ज लिहायला बसण्याआधी वहीच्या एका पानावर मागचे चार आठवडे लिहून काढा. ‘महिन्याचं उत्पन्न’ विचारलं की आठवड्याच्या पगारावरचा माणूस गोंधळतो आणि अंदाजाने गोल आकडा सांगतो. चार आठवडे विचारले की त्याला प्रत्येक पगार आठवतो.

आपल्या घरात ते असे निघाले: 1,870, 1,640, 2,210 आणि 1,130. एकूण 6,850. अम्मींच्या फॉल-पिकोचे 1,400. म्हणजे घरात आले 8,250.

आता गेले किती? भाडं 2,500. वीजबिल 640. किराणा 3,600, रेशनचा गहू-तांदूळ मोफत मिळतो, म्हणून हे फक्त तेल, डाळ, साखर, चहा, मसाला आणि साबणाचे. दूध-भाजी 1,900. गॅस 900. दादीच्या बीपीच्या गोळ्या 480. अम्मींच्या गटाच्या कर्जाचा हप्ता 1,150. एकूण 11,170.

फरक 2,920 रुपयांचा. इथे बहुतेक लोक थांबतात, पण खरा प्रश्न पुढे आहे. हे 2,920 आले कुठून? खर्च तर झालेला आहे. विचारलं तर कळतं: किराणावाल्याकडे 1,400 उधार राहिले, भाड्यातले 1,000 घरमालकाला द्यायचे आहेत, 520 मामूंकडून घेतले. हिशोब जुळला. ज्या अर्जात तुटवडा कसा भरला हे लिहिलेलं असतं, त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, कारण ही गोष्ट मनाने रचणं अवघड असतं. हिशोब जुळत नसेल तर एखादी कमाई किंवा एखादी उधारी सांगायची राहिली आहे असं समजा आणि पुन्हा विचारा.

अर्जात काय येईल

हे सगळं पान अर्जात उतरवायचं नाही. ते मागे जोडता येतं. अर्जात चार गोष्टी पुरतात: मी कोण, काय बदललं आणि कधीपासून, आज हिशोब कसा आहे, आणि नेमकं किती मागतो. वरच्या घराचा अर्ज असा होईल:

*‘मी यंत्रमाग कामगार आहे. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. तिच्या 9,000 रुपये फीपैकी 3,000 जूनमध्ये भरले आहेत, 6,000 बाकी आहेत. दिवाळीपर्यंत मला आठवड्याला सहा दिवस काम होते व सुमारे 3,300 रुपये मिळत. त्यानंतर दोन ते चार दिवसच काम मिळते. गेल्या चार आठवड्यांत माझे व पत्नीचे मिळून 8,250 रुपये आले, पाच जणांच्या घराला 11,170 लागले. फरक किराण्याची उधारी, थकलेले भाडे व नातेवाइकांकडून घेतलेल्या पैशांतून भागवला. जोडलेला दाखला मागील वर्षाचा असल्याने त्यात हा बदल दिसत नाही.*

*आपण 4,000 रुपये थेट कॉलेजच्या खात्यात भरावेत अशी विनंती आहे. उरलेल्या 2,000 साठी कॉलेजने एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे. ते पत्र सोबत आहे.’*

यात ‘गरीब’ हा शब्द एकदाही नाही. तरी वाचणाऱ्याला घर दिसतं. पैसे थेट कॉलेजला भरा असं म्हटल्याने ‘हे पैसे दुसरीकडे जातील का’ ही शंकाही उरत नाही, आणि ती शंका कुणी तोंडावर बोलून दाखवायची वेळ येत नाही.

कुठे बिघडतं

पहिली चूक वचनाची. खुद्दारीपोटी माणूस लिहितो, ‘बाकीचे आम्ही दरमहा 1,000 रुपये भरू.’ पण त्याच अर्जात महिन्याला जवळपास तीन हजारांचा तुटवडा लिहिलेला असतो. मग हजार येणार कुठून? हुशार वाचक इथेच अडकतो आणि बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतो. त्यापेक्षा मुदत मागणं जास्त खरं. आपला हिशोब ज्याला पुरा पडत नाही ते वचन लिहू नका.

दुसरी चूक लपवण्याची. बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज लोक लाजेने सोडून देतात. ते लिहिलं नाही तर 1,150 रुपये हिशोबातून गायब होतात आणि घराची ओढाताण आहे त्यापेक्षा कमी दिसते. मदत जकातीच्या रकमेतून असेल तर कर्ज आणि दागिने या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिणं जरूरीचंच आहे. जकात घेण्याचा हक्क निसाबवर ठरतो. घरातलं सोनं-चांदी त्यात धरलं जातं, आणि देणं असलेलं कर्ज वजा होतं. कर्जदार हा जकातीच्या आठ हकदारांपैकी एक आहे. म्हणजे जे लपवलं जातं, तेच पुष्कळदा अर्जदाराच्या बाजूचं असतं. उलट सोनं लपवून जकात घेतली, तर जकात चुकीच्या ठिकाणी जाते. निसाबची शंका असेल तर आधी आलिमना विचारा. हक्क बसत नसेल तर जकातीऐवजी इतर देणगीतून किंवा बिनव्याजी कर्जातून मदत होते का, हे कमिटीला सरळ विचारता येतं.

तिसरी चूक जास्त सांगण्याची. दादीच्या गोळ्यांचे 480 रुपये लिहायला हरकत नाही, तो खर्च आहे. पण घरातलं भांडण, कोणाचा तलाक, मुलगी फीसाठी वर्गात कशी रडली, हे लिहायची गरज नाही. अर्ज चार हातांतून जातो, कधी झेरॉक्सच्या दुकानात पडून राहतो. मुलीच्या मैत्रिणीच्या घरात तो वाचला गेला तर काय, असं स्वतःला विचारा. ज्या ओळीने आकडा समजायला मदत होत नाही, ती ओळ काढून टाका.

लिहिणाऱ्याची जबाबदारी

आपल्याकडे अर्ज बहुधा दुसराच लिहितो: शिक्षक, शेजारचा शिकलेला मुलगा, कधी स्वतःची मुलगी. मराठी अर्जावर सही करणाऱ्या अब्बांना त्यातलं निम्मं वाचता येत नाही. म्हणून सहीआधी पूर्ण अर्ज त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा आणि विचारा, ‘यह बात सही लिखी है ना?’ या वेळी माणूस हमखास काहीतरी दुरुस्त करतो. ‘भाडा ढाई हजार नहीं, अब सत्ताईस सौ है.’ एखाद्या ओळीवर त्याने मान खाली घातली, तर ती ओळ राहू द्यायची की नाही हे त्यानेच ठरवावं.

अर्जाची एक प्रत घरी ठेवा आणि त्यावर पोच घ्या. तीन-चार आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर तेवढ्या काळाचे नवे आकडे घेऊन पुन्हा जा. काम वाढलं असेल तर तेही लिहा. कमिटी नाही म्हणाली तरी ते हिशोबाचं पान वाया जात नाही. तेच पान घेऊन कॉलेजकडे हप्ता पाडून मागता येतो, आणि किराणावाल्याशी उधारीची तारीखही त्याच पानावरून ठरवता येते.