उत्तर शून्य कसं आलं?

सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि सकाळपर्यंत ती साठ जणांची होते. राज्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी दहा मिनिटं बोलायला आली, ती अशाच एका रात्रीनंतर. तिने उपदेश टाळला. दिलेल्या संख्यांतली सर्वांत मोठी शोधणाऱ्या, जवळपास प्रत्येकाच्या जर्नलात असलेल्या सी भाषेतल्या तीन ओळी तिने फळ्यावर लिहिल्या.

```c
int max = 0;
for (int i = 0; i < n; i++)
    if (a[i] > max) max = a[i];
```

"45, 72, 60 दिले तर काय येईल?" 72. सगळे खूश. "आता समजा हे द्रासचं जानेवारीतलं तापमान आहे: -12, -7, -15."

मुलांनी प्रोग्राम चालवला. उत्तर आलं 0, जे त्या यादीत नव्हतंच!

कंपायलरने कुरकूर केली नव्हती, कारण तो भाषेचे नियम तपासतो, विचार नाही. मग तिने एकाला फळ्यापाशी बोलावलं आणि `max` ची किंमत पायरीपायरीने लिहायला लावली. सुरुवातीला 0. -12 शून्याहून मोठी? नाही. -7? नाही. -15? तीही नाही. `max` जागचा हललाच नाही. "म्हणजे सुरुवातच चुकली," तो मुलगा म्हणाला. शून्याऐवजी `a[0]`, म्हणजे यादीतली पहिलीच संख्या घेतली आणि -7 आलं. याला ड्राय रन म्हणतात; त्याला कागद-पेन पुरतं. "उतरवताना ही चूकही तुम्ही उतरवली," ती म्हणाली, "आणि ओरलला सर नेमकं हेच विचारतात."

मागून कोणीतरी पुटपुटलं, व्हेरिएबलची नावं बदलली की कळतंय कुणाला! हा समज बराच जुना आहे. 1994 मध्ये अॅलेक्स एकेन यांनी तयार केलेली मॉस ही प्रणाली नावं आणि मोकळ्या जागा बाजूला ठेवून प्रोग्रामची ठेवणच ताडून पाहते. `max` चं `motha` केल्याने तिला फरक पडत नाही. मात्र ती फक्त साम्य दाखवते. कोणी कोणाचं उतरवलं हे तिला सांगता येत नाही. शिवाय तीन ओळींचा प्रोग्राम कोणीही लिहिला तरी सारखाच दिसणार, त्यामुळे निवाडा शिक्षकांनाच करावा लागतो.

मित्राचा प्रोग्राम बघूच नये, असं काही तिचं म्हणणं नव्हतं. बघा, समजेपर्यंत ड्राय रन करा, मग ती फाइल बंद करून कोऱ्या फाइलमध्ये स्वतः लिहा. जिथे हात अडेल तिथेच समजलेलं नाही, असं धरा.

जाताना तिने फळ्यावर एक काम लिहिलं: दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधा. संख्या 7, 7, 3. उत्तर 7 की 3, हे कीबोर्डला हात लावण्याआधी ठरवा.