स्क्रीन मोठी, अक्षरं मुंगीएवढी

हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा ऑनलाइन भरली आहे. खजिनदारांनी एक्सेलमधला वर्षाचा जमाखर्च स्क्रीनवर शेअर केला आहे. त्यांच्यासमोर चौतीस इंची रुंद मॉनिटर आहे आणि त्यावर बाराही महिने, सगळी खाती एका नजरेत दिसतात. पण दोनच मिनिटांत तक्रारी सुरू होतात. "साहेब, आकडे वाचताच येत नाहीत." "मला फक्त काळ्या पट्ट्या आणि मधे काहीतरी बारीक दिसतंय." "माझ्याकडे शेवटचा स्तंभ अर्धाच येतोय." खजिनदार गोंधळतात, कारण त्यांच्या स्क्रीनवर सगळं ठळक आणि पूर्ण दिसत असतं.

इथे नेट खराब आहे असं म्हणून विषय संपवला जातो. नेट अपुरं असेल तर चित्र धूसर होतं, अडखळतं, उशिरा हलतं. अक्षरं स्वच्छ दिसतायत पण बारीक आहेत, किंवा चित्राची कड कापली गेली आहे, तर बहुतेक वेळा दोष नेटचा नसून मापाचा असतो. आणि ते माप कुठे बिघडतं, हे थोड्या हिशेबाने कळतं.

स्क्रीन शेअर करताना आपण समोरच्याला एक्सेलची फाइल देत नाही, तिचं चित्र देतो. त्या चित्रातली अक्षरं समोरच्याच्या स्क्रीनप्रमाणे नव्याने मांडली जात नाहीत. आपल्या स्क्रीनवरच्या पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्यांचं, जसंच्या तसं चित्र घेतलं जातं आणि समोर जेवढी जागा असेल तेवढ्यात ते बसवलं जातं. जागा कमी असली की सगळं चित्र सारख्या प्रमाणात आक्रसतं.

आता खजिनदारांचा हिशेब मांडू. अशा रुंद मॉनिटरवर साधारणपणे आडवे ३४४० आणि उभे १४४० पिक्सेल असतात. एका सभासदाकडे जुना लॅपटॉप आहे, त्याच्या स्क्रीनवर १३६६ बाय ७६८ पिक्सेल. त्यातली उजवीकडची सुमारे ३०० पिक्सेल जागा सहभागी मंडळींच्या चेहऱ्यांनी व्यापली आहे. म्हणजे खजिनदारांच्या ३४४० पिक्सेलना इथे १०६६ पिक्सेलमध्ये बसायचं आहे. चित्र सव्वातीन पटींनी लहान होतं. एक्सेलमधला नेहमीच्या आकाराचा आकडा उंचीला साधारण दहा पिक्सेल धरला, तर सभासदाकडे तो तीन पिक्सेलचा उरतो. आठचा आकडा काढायला निदान पाच ओळी लागतात: तीन आडव्या रेषा आणि त्यांच्यामधल्या दोन मोकळ्या जागा. तीन ओळींत आठ, सहा आणि तीन यांतला फरक दाखवता येत नाही. सभासदाचा चष्मा बदलून इथे काहीच साधणार नाही, कारण ती माहिती त्याच्या स्क्रीनपर्यंत पोचलेलीच नाही.

काळ्या पट्ट्यांचं कारणही याच हिशेबात आहे. ३४४० बाय १४४० हा आकार नेहमीच्या लॅपटॉपपेक्षा बराच लांबट आहे. त्याची रुंदी १०६६ पिक्सेलमध्ये बसवली की उंची जेमतेम साडेचारशे पिक्सेल होते आणि उरलेली जागा वर-खाली काळी राहते. मोबाइल उभा धरून बसलेल्या सभासदाची अवस्था याहून वाईट. साडेसहा इंची फोनची उभी रुंदी सात सेंटिमीटरच्याही आत असते, म्हणजे जमाखर्चाच्या वाट्याला तीन सेंटिमीटरहून कमी उंचीची पट्टी येते. फोन आडवा केला की तेच चित्र दुपटीहून मोठं होतं.

मग उपाय काय? शेअर करण्याचं बटण दाबलं की बहुतेक प्रोग्रॅम विचारतात, पूर्ण स्क्रीन दाखवायची की एखादी विंडो. गुगल मीटमध्ये क्रोम ब्राउझरचा एकच टॅब दाखवण्याचा तिसरा पर्यायही असतो. विंडो निवडली की मॉनिटर कितीही मोठा असला तरी चित्र फक्त त्या विंडोच्या मापाचं जातं. खजिनदारांनी एक्सेलची विंडो ओढून साधारण १२८० बाय ७२० पिक्सेलची केली, म्हणजे मॉनिटरच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी मोठी, तर सभासदाकडे तिला १०६६ पिक्सेलची जागा मिळते. आता आक्रसणं फक्त १.२ पट. दहा पिक्सेलचा आकडा आठ पिक्सेलचा राहतो आणि वाचता येतो. त्यावर एक्सेलच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून झूम दीडशे टक्के केला, तर तोच आकडा बारा पिक्सेलवर जातो.

अर्थात आता बारा महिने एकदम मावत नाहीत. एवढ्या विंडोत दीडशे टक्क्यांवर नेहमीच्या रुंदीचे बाराएक स्तंभ बसतात, आणि खात्यांच्या नावांचा स्तंभ रुंद असला तर त्याहून कमी. नको असलेले स्तंभ लपवले, खात्यांची नावं आणि महिन्यांची ओळ Freeze Panes वापरून जागेवर रोखून धरली, आणि Ctrl + F1 दाबून वरची बटणांची रुंद पट्टी मिटवली, की उरलेली जागा आकड्यांना मिळते. सभेला तीन महिने एका वेळी नीट दिसणं हे वर्षभराचं काहीही न दिसण्यापेक्षा कामाचं.

इथे एक गफलत हमखास होते. विंडोचा पर्याय निवडला जातो, पण ती विंडो मॅक्सिमाइझ केलेली, म्हणजे अख्ख्या मॉनिटरभर पसरलेली असते. मग तिचं माप पुन्हा ३४४० पिक्सेलच्या घरात जातं आणि सभासदांना काडीचाही फरक दिसत नाही. फायदा विंडो शेअर करण्याचा नसतो, लहान विंडो शेअर करण्याचा असतो. लॅपटॉपची स्क्रीन मुळातच छोटी असेल, तर पूर्ण स्क्रीन आणि विंडो यांत मापापुरता फार फरक पडत नाही.

विंडो शेअर करण्याला मर्यादाही आहेत, आणि काहीतरी गायब होण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात. कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक्सेलचं मुख्य पान ही एक विंडो. पण फाइल उघडण्यासाठी येणारा चौकोन, उजव्या क्लिकवर उघडणारी यादी, छपाईची चौकट ही अनेकदा वेगळी विंडो असते. आपण एकच विंडो शेअर केली असेल तर या बाकीच्या गोष्टी समोर दिसतीलच असं नाही. "इथे क्लिक केलं की यादी येते" असं आपण सांगत राहतो आणि समोरचे स्थिर पान पाहत बसतात. पॉवरपॉइंटमध्ये हे ठळकपणे घडतं. आपण स्लाइड तयार करण्याची विंडो शेअर करतो, मग स्लाइड शो सुरू करतो. तो दुसऱ्याच विंडोत उघडतो. समोरच्यांना मात्र जुनीच विंडो, डावीकडे छोट्या स्लाइडची रांग आणि मधे पहिली स्लाइड, असंच दिसत राहू शकतं. त्यावर उपाय पॉवरपॉइंटमध्येच आहे: Slide Show टॅबमध्ये Set Up Slide Show उघडून Browsed by an individual (window) निवडलं की स्लाइड शो साध्या विंडोत चालतो. ती विंडो हव्या त्या मापाची करून शेअर करता येते.

म्हणून निवड अशी करावी. एकच कागद, एकच तक्ता किंवा सादरीकरण दाखवायचं असेल तर विंडो, आणि तीही लहान केलेली. एखादी वेबसाइट दाखवायची असेल तर टॅब, कारण त्यात ब्राउझरच्या वरच्या पट्ट्या जात नाहीत आणि सगळी जागा मजकुराला मिळते. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जायचं असेल, किंवा एखादं सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे शिकवायचं असेल, तर पूर्ण स्क्रीन. नाहीतर अर्ध्या पायऱ्या समोर पोचणारच नाहीत. पूर्ण स्क्रीन देताना दोन गोष्टी आधी कराव्यात. नोटिफिकेशन बंद करावीत, कारण कोपऱ्यात उगवलेला खासगी निरोपही सगळ्यांना दिसतो. आणि मॉनिटर मोठा असेल तर विंडोजच्या Display settings मध्ये जाऊन सभेपुरतं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करावं, किंवा Scale दीडशे टक्क्यांवर न्यावं. झूममध्ये आणखी एक वाट आहे: शेअर करताना Advanced मध्ये Portion of Screen निवडलं की एक चौकट येते आणि तिच्या आत जे असेल तेवढंच समोर जातं. रुंद मॉनिटरवाल्यांना ही सोय फार उपयोगी, कारण चौकटीच्या आत कुठलीही विंडो आणली तरी ती दिसते.

आता कापलेल्या कडेबद्दल. आधी विचारावं, सगळ्यांना असं दिसतंय की एकालाच? एकालाच दिसत असेल तर दोष पाहणाऱ्याच्या बाजूला आहे. झूममध्ये पाहणाऱ्याला वरच्या View Options मध्ये Fit to Window आणि Original Size असे पर्याय मिळतात. Original Size निवडलेलं असेल तर चित्र आक्रसत नाही, पण मावतही नाही. त्याचा एक भागच दिसतो आणि बाकीचा सरकवून पाहावा लागतो. Fit to Window केलं की कड परत येते. हाच पर्याय उलटाही वापरता येतो: आकडे बारीक वाटले तर थोडा वेळ Original Size घेऊन हवा तो कोपरा वाचावा. मात्र चित्र पाठवतानाच लहान झालं असेल, तर पाहणाऱ्याने मोठं करूनही अक्षरं नुसती फुगतात, स्पष्ट होत नाहीत. गुगल मीटमध्ये शेअर केलेला भाग छोट्या चौकोनात अडकला असेल तर तो पिन करावा, म्हणजे चेहरे बाजूला सरून त्याला जागा मिळते.

सगळ्यांनाच कड कापलेली दिसत असेल तर शेअर करणाऱ्याने आपल्याकडे पाहावं. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला असेल आणि दोघांचं Scale वेगळं असेल, एकाचं शंभर आणि दुसऱ्याचं दीडशे, तर काही जुन्या प्रोग्रॅमचा मापाचा हिशेब चुकतो आणि स्क्रीनचा एकच कोपरा समोर जातो. दोन्हींचं Scale सारखं करून शेअर थांबवावं आणि पुन्हा सुरू करावं. विंडो शेअर करताना ती टास्कबारमध्ये मिनिमाइझ झाली, तर समोरचं चित्र गोठतं किंवा थांबतं. तेही अनेकांना नेटचा दोष वाटतो.

मोबाइलवरून शेअर करणाऱ्यांसाठी हाच हिशेब उलट्या बाजूने लागू होतो. उभ्या फोनचं १०८० बाय २४०० चं चित्र १९२० बाय १०८० च्या लॅपटॉपवर बसवलं, तर त्याला रुंदीचा फक्त चौथा हिस्सा मिळतो आणि दोन्ही बाजूंना काळं राहतं. दाखवायचं ॲप आडवं फिरत असेल तर फोन आडवा करावा.

सभेआधी पाच मिनिटं काढून खजिनदारांनी एवढं करावं: त्याच सभेत आपल्या फोनवरून दुसरे सहभागी म्हणून यावं, फोनचा माइक आणि स्पीकर बंद ठेवावा, आणि जमाखर्च शेअर करून फोनवर पाहावा. उभ्या धरलेल्या फोनवर एकूण खर्चाचा आकडा वाचता आला तर बाकी कुणाचीच अडचण होणार नाही. नाही आला, तर विंडो आणखी लहान करायची आणि झूम वाढवायचा.