बंद कपाटातील संगणकाला उष्णतेचा धोका

घरातील जागा वाचावी आणि वायरींचे जंजाळ दिसू नये, म्हणून डेस्कटॉप संगणकाचा डबा टेबलाच्या लाकडी कपाटात ठेवून दार लावण्याची पद्धत रूढ आहे. मात्र, त्यामुळे संगणकाच्या शीतकरणात मूलभूत अडथळा निर्माण होतो.

संगणकातील पंखे थंडावा निर्माण करीत नाहीत. ते केवळ आतील उष्णता डब्याबाहेर टाकतात. दार बंद असल्यास बाहेर टाकलेली गरम हवा कपाटातच साठते आणि पुन्हा आत ओढली जाते. साहजिकच डब्यात आणखी पंखे बसवूनही फारसा उपयोग होत नाही.

याचा परिणाम साध्या हिशेबाने समजू शकतो. १०० वॅट वीज वापरणारा संगणक जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे, सुमारे २ चौरस मीटर पृष्ठभागाचे बंद कपाट तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे जेमतेम ५ वॅट उष्णता बाहेर जाऊ देते. म्हणजेच आतील हवा खोलीपेक्षा सुमारे २० अंशांनी तापते. खोलीत ३० अंश सेल्सिअस असताना कपाटात ५० अंश होतात. सर्वसाधारण हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असल्याने तिला फारशी सवड उरत नाही. प्रोसेसरही जवळपास तेवढाच अधिक तापतो आणि मर्यादा गाठताच स्वतःचा वेग कमी करतो. खेळ किंवा चित्रफीत संपादनासारख्या कामात वीजवापर दुप्पट झाल्यास ही वाढही दुप्पट होते.

दोष कपाटाचाच आहे का, हे तपासणे सोपे आहे. तासभर नेहमीचे काम केल्यावर प्रोसेसरचे तापमान नोंदवावे, दार पूर्ण उघडावे आणि तेच काम चालू ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा नोंद घ्यावी. तापमान १० अंश किंवा अधिक उतरल्यास कारण कपाटच होय. फरक पडला नाही, तर पंख्यावरील धूळ तपासावी.

उपाय म्हणून कपाटाची मागील फळी काढून ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. तेवढे शक्य नसल्यास खाली हवा आत येण्यासाठी आणि मागे वरच्या बाजूस ती बाहेर जाण्यासाठी छिद्रे पाडावीत. वायरींपुरते भोक पुरेसे नसते. १०० वॅट उष्णता १० अंशांच्या वाढीत वाहून नेण्यास ताशी सुमारे ३० घनमीटर हवा लागते. वरच्या छिद्रावर बसविलेला १२० मिलिमीटरचा एक पंखा त्यासाठी सहसा पुरतो.

उघड्या टेबलाखाली उष्णतेचा प्रश्न तितका गंभीर नसतो. तेथे जमिनीवरची धूळ अधिक ओढली जाते, आणि वीजपुरवठा युनिटची जाळी डब्याच्या तळाशी असल्यास गालिच्यामुळे ती बंद होते. त्यामुळे डबा थोड्या उंचीच्या चौरंगावर ठेवावा.