पेटीतले कपडे आणि डांबरगोळ्या

पावसाळा तोंडावर आला की ठेवणीतले कपडे पेटीत जातात आणि सोबत मूठभर डांबरगोळ्याही. घरात तान्हं बाळ असेल तर या गोळ्या टाळाच. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक घटक कमी असतो. गोळ्यांत ठेवलेली दुपटी अशा बाळाला गुंडाळली, तर त्या वासानेही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे वरून पाहून कळत नाही.

मग कसर लागू नये म्हणून काय करायचं? कडुनिंबाचा पाला आहेच, पण आधी कसर खाते काय ते बघू. पेटी उघडताच सुळकन पळणारी चंदेरी, निमुळती कसर खळीवर जगते आणि तिला ओल लागते. लोकर आणि रेशीम खाणारी अळी वेगळी. ती घामाचे, जेवणाचे डाग असतील तिथे आधी लागते. म्हणजे खळ दिलेलं लुगडं तसंच ठेवलं, तर आपणच तिला ताट वाढून दिलं!

म्हणून सुती लुगडी खळ पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि कडक उन्हात वाळवा. बाळाचं लोकरी टोपडं धुऊन उन्हात ठेवा, शिवणी उलटून झटका. अंडी तिथेच दडतात आणि पाल्याच्या वासाने ती मरत नाहीत. पैठणी मात्र सावलीत वाऱ्यावर टाका, उन्हाने रंग उडतो. मग ती जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी येते. उन्हातले कपडे पूर्ण गार झाल्यावरच घडी घाला. गरम कपडे बंद पेटीत ठेवले तर आत दमटपणा धरतो.

आता पाला. कडुनिंबाची पानं सावलीत चार-पाच दिवस वाळवा. मुठीत दाबल्यावर कुरकुरून चुरा झाला तरच ती वाळली. ओलसर पाल्याने बुरशी येते, कपड्यावर डागही पडतात. मूठभर पाला आणि वेखंडाचे दोन तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधा आणि पेटीच्या चारही कोपऱ्यांत ठेवा. वास गेला की पाला बदला, साधारण दोन-तीन महिन्यांनी. कापूरही चालतो असं सांगतात, पण तो गिळला तर लहान मुलाला झटके येतात. पोरांच्या हाताशी पेटी असेल तर नकोच.

पेटी जमिनीवर नको. चार विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पावसाच्या झडीत ती उघडू नका. श्रावणात उघडीप मिळेल त्या दुपारी उघडा, कपडे झटका आणि पैठणीची घडी बदला. एकाच घडीवर रेशीम चिरतं. कापडावर पिवळट डाग, वरवर कुरतडल्याच्या खुणा किंवा जाळीसारखे धागे दिसले, तर नुसता पाला वाढवून भागणार नाही. पेटी रिकामी करून पुसा, उन्हात तापवा आणि कपडे पुन्हा पहिल्यापासून धुवा, वाळवा.