फोटोतलं आर्डुइनो खरंच आर्डुइनो आहे का?

परवा भाचीचा फोटो आला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलेला कुंडीला आपोआप पाणी घालायचा प्रकल्प. खाली एवढंच लिहिलेलं, ‘मामा, आर्डुइनो बिघडलंय. पंप चालूच होत नाही.’

फोटो मोठा करून पाहिला. बिघाडाचं नंतर बघू, त्यात आर्डुइनोच नव्हतं.

सहसा ज्याला आर्डुइनो म्हणतात तो ‘उनो’ बोर्ड लांबून ओळखू येतो. आकाराने पत्त्याच्या पानाहून जरा लहान. एका टोकाला प्रिंटरला असतो तसा चौकोनी, रुपेरी यूएसबीचा खाचा, त्याच्या शेजारी वीज जोडायचं काळं गोल भोक, आणि दोन्ही लांब कडांना वायर खोचायच्या काळ्या पट्ट्या. बहुतेक बोर्डांवर मधोमध २८ पायांची लांबट काळी चिप गोमेसारखी पडलेली असते. काहींवर तिच्या जागी छोटी चौकोनी चिप असते. रंगावर मात्र जाऊ नका. आर्डुइनोचे आराखडे खुले असल्याने निळ्या रंगाच्या नकला बाजारात ढिगाने मिळतात. त्यांचा उपयोग तोच, फक्त आर्डुइनोचं नाव त्यांना कायद्याने लावता येत नाही.

भाचीच्या बोर्डाला यातलं काहीच नव्हतं. काळा, अरुंद बोर्ड ब्रेडबोर्डात रुतवलेला, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पिना. एका टोकाला जुन्या मोबाइलला असायचा तसा मायक्रो यूएसबी आणि त्याच्या दोन बाजूंना दोन चिमुकली बटणं. दुसऱ्या टोकाला पत्र्याची रुपेरी डबी, आणि डबीच्या पुढे सोनेरी नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे वायफायचा अँटेना. साध्या उनोवर तो नसतो. आता प्रश्न राहिला, हा नोडएमसीयू की त्याचा थोरला भाऊ ईएसपी३२? पिनांशेजारची अक्षरं वाचली: डी० ते डी८, आणि ए० एकच. बटणांवर आरएसटी आणि फ्लॅश. म्हणजे नोडएमसीयू. ईएसपी३२च्या बटणांवर बहुधा ईएन आणि बूट असं असतं.

एवढी चिकित्सा कशाला, असं भाचीनेही विचारलं. तिचा कोड उनोसाठी लिहिलेला होता:

```
digitalWrite(5, HIGH);
```

उनोवर ५ म्हणजे ५ लिहिलेली पिन. नोडएमसीयूवर मात्र तोच आकडा डी१ या पिनेला जातो. तिची वायर होती डी५ला. वीज एका पिनेवर येत होती आणि पंपाचा रिले दुसरीवर वाट पाहत होता. आधीच्या `pinMode` च्या ओळीतही आणि इथेही `5` च्या जागी `D5` लिहिलं, तशी रिलेने टिक् केलं.

मग बाकीचे तुकडे पाहिले. निळी जाळीदार डबी म्हणजे डीएचटी११, हवेचं तापमान आणि आर्द्रता सांगणारी. तिची जास्त अचूक बहीण डीएचटी२२ बहुधा पांढरी असते. कुंडीत खुपसलेला दोन दातांचा काटा मातीचा ओलावा मोजतो. काट्याच्या वायरी ज्या छोट्या पट्टीला जातात, तिच्यावरून मात्र काही ठरवू नये. निळा चौकोनी पेच आणि आठ पायांची चिप असलेली तशीच पट्टी पावसाच्या सेन्सरलाही लावलेली असते. वायर धरून टोकापर्यंत जायचं आणि टोकाला काय आहे ते बघायचं. साखरेच्या खड्यासारखा निळा ठोकळा हा सेन्सर नव्हेच, तोच तो रिले.

पाण्याच्या बादलीवर दोन डोळ्यांसारख्या रुपेरी नळ्या होत्या. तो एचसी-एसआर०४, आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा. इथे मी थबकलो. त्याला यूएसबीचे सुमारे ५ व्होल्ट दिलेले होते, म्हणजे त्याच्या एको पिनेतूनही तेवढेच बाहेर येणार. आणि नोडएमसीयूची चिप ३.३ व्होल्टची. उनोला हे चालतं. इथे चिप लगेच जळते असं नाही, पण भरवसा नाही. एको आणि बोर्ड यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोध, आणि जिथे तो बोर्डाला मिळतो तिथून जमिनीकडे, म्हणजे जीएनडीकडे, २ किलोओहमचा, असे दोन रोध लावले की झालं. फोटोत वायर सरळ गेलेली होती.

काही गोष्टी फोटोवरून कळतच नाहीत. वायूचे एमक्यू-२ आणि एमक्यू-१३५ हे सेन्सर समोरून जुळे भाऊ दिसतात, दोघांनाही तीच गोल जाळीची टोपी. आकडा वाचल्याशिवाय त्यांचं नाव सांगणारा माणूस अंदाज करतोय असं समजावं.

म्हणून कुणाला असा फोटो पाठवणार असाल तर उजेडात, बरोबर वरून काढा, पिनांची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. आणि एक फोटो बोर्ड उलटा करून काढा. बऱ्याच बोर्डांचं नाव पाठीवरच छापलेलं असतं.