एआयसी आणि बीआयसी: दोन दंड, दोन निवाडे

संख्याशास्त्र शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून मोटारींची एक जुनी नोंदवही जाते. १९२०च्या दशकातल्या गाड्यांचा वेग आणि ब्रेक दाबल्यावर थांबेपर्यंत त्यांनी कापलेलं अंतर, अशा ५० नोंदी त्यात आहेत. वेग ताशी ४ ते २५ मैल, अंतर २ ते १२० फूट. आर या संगणकप्रणालीत ती `cars` या नावानं तयारच मिळते. प्रश्न साधा आहे: वेगावरून अंतर सांगायचं तर सरळ रेषेचं सूत्र घ्यावं की वेगाचा वर्गही त्यात घालावा?

आकडे सूत्राशी किती जुळले, हे मोजण्यासाठी लाइकलिहूड वापरतात. हे सूत्र खरं मानलं तर हातातल्या नोंदी मिळण्याची शक्यता किती, याचं ते माप. सोयीसाठी त्याचा लॉगरिदम घेऊन उणे दोननं गुणतात. मग आकडा जितका लहान, तितकी जुळणी चांगली. मोटारींच्या नोंदींवर सरळ रेषेचा आकडा येतो ४१३.१६. वेगाचा वर्ग घातला की तो ४१०.७७ होतो, घन घातला की ४०९.८९ आणि चौथा घात घातला की ४०८.२८. तो उतरतच राहतो आणि अडचण नेमकी इथेच आहे. नवं पद निरर्थक असलं तरी जुळणी कधी बिघडत नाही, कारण ते पद याच नोंदींवर बेतून घेतलेलं असतं. नोंदींमधले योगायोगाचे चढउतारही ते आपल्या खाती जमा करतं. म्हणून प्रत्येक वाढीव पदाला काही दंड लावावा लागतो. तो किती असावा, यावर दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर टोकियोच्या संख्याशास्त्र संस्थेतल्या हिरोत्सुगु अकाइके यांचं. सिमेंटच्या फिरत्या भट्ट्यांचं नियंत्रण करताना मागच्या किती मोजण्या हिशेबात घ्यायच्या, असा प्रश्न त्यांच्यापुढे प्रत्यक्ष कामात आला होता. १९७३ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधातून एआयसी हा निकष पुढे आला:

AIC = −2 ln L + 2k

यात k म्हणजे नोंदींवरून ठरवायच्या प्राचलांची संख्या. म्हणजे प्रत्येक प्राचलाला दंड २. हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. नोंदी पुरेशा असतील, तर निरर्थक प्राचल ज्या नोंदींवर बेतला त्यांवरचा जुळणीचा आकडा सरासरी १ नं खाली आणतो. तेच सूत्र पूर्णपणे नव्या नोंदींना लावलं की तोच प्राचल आकडा सरासरी १ नं वर नेतो. इथला खोटा फायदा एक, तिथला तोटा एक, मिळून दोन. एआयसीचा प्रश्न त्यामुळे भविष्याकडे पाहणारा आहे: उद्याच्या नोंदींचा अंदाज कोणतं मॉडेल सगळ्यांत चांगला देईल?

दुसरं उत्तर जेरुसलेमच्या गिडिऑन श्वार्ट्झ यांनी १९७८ साली अवघ्या चार पानांच्या निबंधात दिलं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. समोरच्या मॉडेलांपैकी एक खरं आहे असं धरलं, तर या नोंदी पाहिल्यावर कोणतं खरं असण्याची शक्यता सर्वाधिक? बेझच्या नियमानं हिशेब केला की मोठ्या नोंदसंख्येसाठी उत्तर असं येतं:

BIC = −2 ln L + k ln n

इथे n म्हणजे नोंदींची संख्या. आठ नोंदींपासूनच ln n दोनच्या वर जातो. ५० नोंदींना तो ३.९१ असतो, १,००० ना ६.९ आणि एक लाखाला ११.५. बीआयसीचा दंड नोंदींबरोबर वाढत जातो, एआयसीचा मात्र दोनवरच राहतो.

आता मोटारींकडे वळू. सरळ रेषेत k तीन आहे: रेषेचे दोन प्राचल आणि नोंदी रेषेभोवती किती विखुरल्या आहेत ते सांगणारा एक. वर्ग घातला की तो चार होतो. एआयसी सरळ रेषेला ४१९.१६ आणि वर्गाच्या सूत्राला ४१८.७७ देतो, म्हणून वर्ग निवडतो. बीआयसीचे आकडे ४२४.८९ आणि ४२६.४२, म्हणून तो सरळ रेषा निवडतो. वर्गाच्या पदानं जुळणीचा आकडा २.३८ नं उतरवला होता. एआयसीचा दंड भरायला तेवढं पुरलं, बीआयसीच्या ३.९१ ला पुरलं नाही. सगळा मतभेद एवढाच आहे.

यात बरोबर कोण, हे कोणती चूक महाग पडते त्यावर ठरतं. एक पद खरोखर निरर्थक असेल, तरी एआयसी ते शंभरातल्या सुमारे सोळा वेळा ठेवून घेतो आणि नोंदी लाखावर गेल्या तरी हे प्रमाण कमी होत नाही. बीआयसीची ही चूक ५० नोंदींना शंभरात पाचाच्या आसपास असते आणि हजार नोंदींना एकाहूनही कमी. उलट खरा पण लहानसा परिणाम बीआयसी सहज गाळून टाकतो. अंदाज वर्तवायचा असेल तर असं गाळणं महागात पडतं. कोणते घटक खरोखर कारणीभूत आहेत याचा शोध असेल, तर निरर्थक घटक आत घेणं महागात पडतं.

निवाड्याइतकाच फरकाचा आकारही पाहावा लागतो. वेगाचा विचारच न करता फक्त सरासरी अंतर घेतलं, तर एआयसी ४६९.८ येतो. सरळ रेषेपेक्षा तो पन्नासनं मोठा आहे, तिथे शंकेला जागा नाही. पण वर्ग आणि रेषा यांच्यातला ०.३९ चा फरक नगण्य आहे. बीआयसीचा १.५३ चा फरकही रेषेच्या बाजूनं जेमतेम दुप्पट शक्यता दाखवतो. एवढ्या पुराव्यावर दोघांपैकी कुणाचाच कौल ठाम मानता येत नाही.

मग हा वाद सुटतो कसा? भौतिकशास्त्राकडे वळल्यावर. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी वेगाच्या प्रमाणात अंतर कापते आणि ब्रेक लागल्यावर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. उभ्या गाडीचं अंतर शून्यच असणार. बीआयसीनं निवडलेली सरळ रेषा मात्र ताशी ४ मैलांना उणे अंतर सांगते, हे अशक्य आहे. म्हणून वेग आणि वर्ग ही दोन्ही पदं ठेवून स्थिर पद काढून टाकलं, तर k पुन्हा तीन होतो. या सूत्राचा एआयसी येतो ४१६.८ आणि बीआयसी ४२२.५. दोन्ही निकषांवर हे सूत्र सगळ्यांच्या पुढे आहे. ते आधीच्या यादीत नव्हतं, म्हणून दोघांनाही ते निवडता आलं नव्हतं.

हे आकडे वापरताना एक पथ्य पाळावंच लागतं. तुलना एकाच नोंदींवर आणि एकाच मोजमापावर व्हायला हवी. एका मॉडेलात काही नोंदी रिकाम्या म्हणून गळल्या, किंवा एकात अंतर आणि दुसऱ्यात अंतराचा लॉगरिदम घेतला, तर आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. अशा वेळी संगणक सहसा थांबवत नाही, म्हणून दोन्हीकडची नोंदसंख्या आपणच ताडून पाहावी.

एआयसी किंवा बीआयसीच्या आधारे मॉडेल निवडल्याचं कुठे वाचलंत, तर तीन गोष्टी विचारा: प्रश्न अंदाजाचा होता की कारण शोधण्याचा, पहिल्या आणि दुसऱ्या मॉडेलात फरक किती होता, आणि मुळात यादीत कोणती मॉडेलं होती. निकष यादीतलं सर्वांत बरं मॉडेल दाखवतो. यादी चांगली आहे की नाही, हे मात्र विषय जाणणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.