वाढीचं वय, लेखांक ६ : वर्गात सर्वांत उंच मुलगी

मुलीची उंची एकाएकी वाढू लागली की आईच्या मनात दोन प्रश्न येतात. हा काही आजार आहे का, आणि ही वाढ थांबणार कधी? या लेखांकात अशा एका आईचं डॉक्टरांना लिहिलेलं पत्र घेतलं आहे. पत्र नमुन्याचं आहे. त्यातली मुलगी कोणी विशिष्ट मुलगी नाही आणि आकडे विषय उलगडण्यासाठी योजले आहेत. शिरपूर तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत असा प्रसंग येऊ शकतो.

पत्र असं आहे : "डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. तिला बारा वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झाले. उंची १६२ सेंटिमीटर भरली, वजन ४६ किलो. वर्गातल्या मुलींपेक्षा ती डोक्याने उंच दिसते, मुलं तर तिच्या खांद्याला लागतात. प्रार्थनेच्या रांगेत ती कायम शेवटी असते. पोरं तिला 'ताडमाड' म्हणून चिडवतात, त्यामुळे ती वाकून चालायला लागली आहे. पाच महिन्यांपूर्वी तिची पाळी सुरू झाली. तिचे वडील १७३ सेंटिमीटर आहेत, मी १६०. सासूबाई म्हणतात, तिचं दूध बंद कर, नाहीतर आणखी वाढेल. उंची थांबवायचं औषध असतं का? हिचं पुढे कसं व्हायचं?"

या पत्रात बरीच उपयोगी माहिती आहे. मात्र निदानासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात नाही. मुलगी आज किती उंच आहे हे आईने लिहिलं, पण ती कधीपासून आणि किती वेगाने वाढली हे लिहिलं नाही. एका दिवसाच्या उंचीवरून आजार ओळखता येत नाही. त्यासाठी वाढीची रेषा पाहावी लागते.

उंच म्हणजे किती उंच?

पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये वाढीचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. या तक्त्यांनुसार बारा वर्षांच्या मुलींची मधली उंची सुमारे १४७ सेंटिमीटर आहे. शंभर मुली उंचीप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, तर ९७ व्या मुलीची उंची १६० च्या आसपास येते. पत्रातली मुलगी या वरच्या रेषेच्या थोडी पुढे आहे, म्हणून तिला उंच म्हणायला हरकत नाही. पण व्याख्येनेच शंभरातल्या तीन मुली या रेषेच्या वर असतात आणि त्यांतल्या बहुतेक निरोगी असतात.

वर्गात ती इतकी ठळक दिसण्याला आणखी एक कारण आहे. मुलींची वाढ साधारण साडेअकरा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत वेगाने होते. मुलांमध्ये हा टप्पा जवळजवळ दोन वर्षांनी, साडेतेरा-चौदाच्या सुमारास येतो. मुलींमध्येही कोणाची वाढ आधी सुरू होते, कोणाची नंतर. त्यामुळे सातवीच्या एकाच वर्गात वाढ सुरूही न झालेला मुलगा आणि वाढीचा मोठा भाग पूर्ण झालेली मुलगी शेजारी बसतात. आजचा फरक हा बऱ्याच अंशी वेळेचा फरक आहे. दहावीपर्यंत यातली बरीच मुलं तिच्या बरोबरीला किंवा पुढे आलेली असतात.

जुन्या नोंदी शोधणं

म्हणून डॉक्टर पहिलं काम आईलाच सांगतात : आधीच्या उंचीच्या नोंदी आणा. अंगणवाडीतलं माता-बाल संरक्षण कार्ड, शाळेतलं आरोग्य कार्ड आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेल्या तपासणीच्या नोंदी यासाठी कामाला येतात. काही घरांत भिंतीवर खुणा केलेल्या असतात. त्यांच्याजवळ तारीख लिहिलेली असेल तर त्याही चालतात.

या नमुन्यातल्या मुलीच्या नोंदी अशा मिळाल्या असं समजू : पहिलीत १२२ सेंटिमीटर, पाचवीत १४६, सहावीत १५५ आणि आता सातवीत १६२. पहिली ते पाचवी या चार वर्षांत ती २४ सेंटिमीटर वाढली, म्हणजे वर्षाला सहा. वयात येण्यापूर्वी मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे हा वेग नेहमीचाच आहे. पाचवी ते सहावी ती नऊ सेंटिमीटर वाढली. हा तिच्या वाढीचा शिखराचा काळ. त्यानंतरच्या वर्षात वाढ सातवर आली. आईला वाटतं मुलगी आता वाढू लागली, पण नोंदी सांगतात की शिखर मागे पडलं आहे आणि वेग उतरू लागला आहे.

पाळीही हेच सांगते. पाळी सहसा वाढीचं शिखर ओलांडल्यावर सहा महिने ते वर्षभराने सुरू होते. त्यानंतर मुली सरासरी पाच ते सात सेंटिमीटर वाढतात, काही थोड्या कमी, काही थोड्या जास्त.

या हिशेबाला मोजमाप मात्र नीट हवं. अनवाणी उभं राहावं. वेणी किंवा अंबाडा सोडावा. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकवावी आणि नजर समोर सरळ ठेवावी. दिवसभरात पाठीचा कणा थोडा दबतो, त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या उंचीत सेंटिमीटरभर फरक पडू शकतो. म्हणून दर वेळी एकाच वेळेला मोजावं आणि दोन मोजमापांत किमान सहा महिन्यांचं अंतर ठेवावं. दर आठवड्याला मोजून काहीच कळत नाही, मुलीची धास्ती मात्र वाढते.

आईवडिलांच्या उंचीचा हिशेब

मुलीची अपेक्षित उंची काढण्याची सोपी रीत आहे. वडिलांची आणि आईची उंची मिळवायची, त्यातून १३ वजा करायचे आणि दोनने भागायचं. इथे १७३ आणि १६० मिळून ३३३, त्यातून १३ गेले की ३२०, आणि निम्मे १६०. याच्या दोन्ही बाजूंना सुमारे आठ सेंटिमीटर धरले, तर या घरातली मुलगी १५२ ते १६८ च्या दरम्यान असणं स्वाभाविक ठरतं.

ही रीत अंदाजाची आहे. आईवडील फारच उंच असतील तर मुलं सहसा या अंदाजापेक्षा थोडी कमी भरतात. पुण्याच्या शरद आणि संजोत कुलकर्णी या दांपत्याची देशातलं सर्वांत उंच जोडपं म्हणून लिम्का बुकमध्ये नोंद झाली होती. ते सात फुटांहून आणि त्या सहा फुटांहून उंच. त्यांच्या मुलीही सहा फुटांच्या वर गेल्या, पण वडिलांच्या उंचीपर्यंत पोहोचल्या नाहीत. उंची घराण्यात चालते, ती अशी.

पुढची उंची आणखी नेमकी सांगायची असेल तर डाव्या हाताच्या मनगटाचा एक एक्स-रे काढतात. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती किती उरली आहे यावरून हाडांचं वय कळतं. या मुलीचं हाडांचं वय साडेतेरा निघालं, तर तिने आपल्या अंतिम उंचीचा सुमारे ९७ टक्के भाग गाठला असं समजतात. १६२ ला ०.९७ ने भागलं की १६७ येतात. म्हणजे अजून साधारण पाच सेंटिमीटर, शेवटी साडेपाच फुटांच्या आसपास. ही उंची घराच्या अपेक्षित पट्ट्यातच बसते. ती वाढतच राहील ही भीती इथे संपते.

काळजी केव्हा करावी

उंचीमागे आजार असण्याची शक्यता थोडी असते, पण त्याच्या खुणा ठाऊक हव्यात. आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली, तर अकाली वयात येण्याची तपासणी लगेच करावी. अशा मुली सुरुवातीला सर्वांपेक्षा उंच दिसतात, पण इस्ट्रोजेनमुळे हाडांची कूर्चा लवकर बंद होते आणि पुढे त्या ठेंगण्या राहू शकतात. पत्रातल्या मुलीत हे बदल दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागले असतील, तर ते वय नेहमीचंच आहे.

दुसरी खूण हातांची. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजावं. ते उंचीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त असेल, म्हणजे या मुलीत १७० च्या पुढे, आणि बोटं लांब-सडपातळ, छातीचा पिंजरा आत गेलेला किंवा दृष्टी कमजोर असेल, तर मार्फान या आनुवंशिक विकाराचा विचार करतात. त्यात हृदयाजवळच्या महाधमनीला धोका असतो, म्हणून हृदयाची सोनोग्राफी आणि डोळ्यांची तपासणी लागते. सतत डोकेदुखी, नजरेचा पट्टा अरुंद होणं आणि वाढीचा वेग उतरण्याऐवजी चढत जाणं ही मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीच्या गाठीची लक्षणं असू शकतात. हात थरथरणं, वजन घटणं आणि गळ्याशी सूज असेल तर थायरॉईड तपासतात. यांपैकी काहीही आढळलं, तर शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात जावं.

औषधाने उंची थांबवावी का?

हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. १९५० च्या दशकापासून अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात निरोगी उंच मुलींना जास्त मात्रेत इस्ट्रोजेन देत असत, जेणेकरून हाडांची कूर्चा लवकर बंद व्हावी. पुढे ऑस्ट्रेलियात अशा स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. औषध घेतलेल्या स्त्रियांना गर्भधारणेत अधिक अडचणी आल्या होत्या. काही सेंटिमीटरांसाठी दिलेली ती फार मोठी किंमत होती. पाळी सुरू होऊन गेलेल्या मुलीत तर थोडीच वाढ उरलेली असते, त्यामुळे औषधाने फारसं काही साधतही नाही.

दूध बंद करण्याचा सल्ला नुकसानीचा आहे. त्याने उंची थांबत नाही, मात्र हाडं मजबूत होण्याच्या ऐन वयात कॅल्शियम कमी पडतं. पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरजही वाढते. दूध, डाळी, पालेभाज्या, भाकरी हा आहार तसाच चालू ठेवावा आणि शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक निळी गोळी घ्यावी.

वाकून चालण्याची सवय मात्र आजच मोडायला हवी. मुलीला कमरेतून पुढे वाकवून मागून पाठ पाहावी. एक बाजू उंच दिसली तर कण्याला बाक असू शकतो, आणि तो वाढीच्या वेगाच्या काळातच वाढतो. बाक नसेल, तर चिडवणं थांबवणं हाच उपाय. ते काम शिक्षकांचं आणि घरच्यांचं आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. उंच मुलगी मोठी वाटते, म्हणून लोक तिच्याकडून मोठ्या माणसाची समज मागतात आणि नातेवाईक स्थळंही सुचवू लागतात. तिचं वय बारा आहे. कायद्याने अठरा वर्षांपूर्वी मुलीचं लग्न होऊ शकत नाही, तिची उंची कितीही असली तरी. आईने डॉक्टरांकडे जाताना जुन्या नोंदी आणि आपली व पतीची मोजलेली उंची सोबत न्यावी, आणि घरी परतल्यावर मुलीला तिच्या वयाचंच समजून वागवावं.